जास्तीचे दहा हजार: गृहकर्जात भरायचे की एसआयपीत टाकायचे?

गणपतीला घरी आलेला मावसभाऊ आरती झाल्यावर मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. त्यानं चिंचवडला फ्लॅट घेतलाय. कर्ज ५० लाखांचं, मुदत २० वर्षं, व्याज ८.५ टक्के, हप्ता ४३,३९१ रुपये. पहिला हप्ता नुकताच खात्यातून गेला होता. पगारवाढ झाल्यामुळे महिन्याला १०,००० रुपये जास्तीचे उरतील असा नवरा-बायकोचा अंदाज होता आणि त्यांचं काय करायचं यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. "ताई, हे वाच," म्हणत त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज दाखवला.

मेसेज असा होता: महिन्याला १०,००० रुपये जास्त भरलेत तर कर्जाचं सुमारे २२ लाख रुपये व्याज वाचेल. तेच १०,००० एसआयपीत, म्हणजे दरमहा शेअर्सच्या म्युच्युअल फंडात टाकलेत तर १२ टक्क्यांनी २० वर्षांत ९९ लाख होतील. आता तुम्हीच ठरवा.

मी कॅल्क्युलेटर काढला. दोन्ही आकडे बरोबर निघाले. तुलना मात्र साफ चुकीची आहे, आणि ती का चुकते हे कळलं की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो.

गृहकर्जावर व्याज दर महिन्याला लागतं, आणि ते त्या दिवशी उरलेल्या मुद्दलावरच लागतं. भावाच्या पहिल्या हप्त्याचं बघा. ५० लाखांवर एका महिन्याचं ८.५ टक्क्यांनी व्याज होतं ३५,४१७ रुपये. हप्ता ४३,३९१ चा. म्हणजे मुद्दलातून वजा झाले फक्त ७,९७४ रुपये. हे बघून त्याचा चेहरा पडला होता. "एवढे भरून आठ हजारसुद्धा फिटले नाहीत?" नाही फिटले. पण त्याच महिन्यात त्यानं १०,००० वरून भरले असते तर ते सगळेच्या सगळे मुद्दलात गेले असते, कारण त्या महिन्याचं व्याज हप्त्यानंच भागवलेलं आहे.

आणि त्या १०,००० वर पुढे कधीच व्याज लागलं नसतं. पुढच्या महिन्याचं ७१ रुपये व्याज वाचतं, म्हणून हप्त्यातले ७१ रुपये जास्त मुद्दलाकडे जातात, मग त्यांच्यावरचंही व्याज वाचतं. असं चक्रवाढीनं चालत राहतं. पहिल्या महिन्यात भरलेले १०,००० विसाव्या वर्षाच्या शेवटी सुमारे ५४,४०० रुपयांचं काम करतात, म्हणजे शेपटीकडचा सव्वा हप्ता खाऊन टाकतात. बँकेत ८.५ टक्क्यांची ठेव ठेवली असती तर नेमकं हेच झालं असतं. फरक एवढाच की ठेवीच्या व्याजावर कर लागतो आणि वाचलेल्या व्याजावर लागत नाही, कारण ते तुमचं उत्पन्नच नसतं.

तेव्हा कर्ज आधी फेडणं ही स्वतःच एक गुंतवणूक आहे, आणि तिचा परतावा म्हणजे तुमच्या कर्जाचा व्याजदर. इथे एक गैरसमजही निकालात काढते. "बँक सगळं व्याज आधीच वसूल करते, दहा वर्षं झाली की प्रीपेमेंटला अर्थ नाही," असं लोक अगदी ठामपणे सांगतात. बँक आधी काहीच वसूल करत नाही. सुरुवातीला मुद्दल मोठं असतं म्हणून व्याज मोठं असतं, इतकंच. पंधराव्या वर्षी भरलेल्या रुपयालाही ८.५ टक्केच मिळतात. त्याला कामाला उरलेली वर्षं कमी असतात, म्हणून वाचलेला आकडा लहान दिसतो.

मेसेज कुठे चुकला

भावानं दरमहा १०,००० जास्त भरले, म्हणजे हप्त्यासकट ५३,३९१ रुपये दिले, तर कर्ज २४० महिन्यांऐवजी साधारण १५४ महिन्यांत, म्हणजे १२ वर्षं १० महिन्यांत संपतं. सुमारे २१.८ लाख रुपये व्याज वाचतं. मेसेजमधले २२ लाख ते हेच.

पण मग पुढे काय? पुढची ७ वर्षं २ महिने त्याच्या खात्यातून हप्ता जातच नाही. दरमहा ५३,३९१ रुपये मोकळे राहतात. मेसेज लिहिणाऱ्यानं एसआयपीवाल्याला पूर्ण २० वर्षं दिली आणि कर्ज फेडणाऱ्याला तेराव्या वर्षाच्या आतच घरी पाठवलं. खरी तुलना करायची तर दोघांनीही २० वर्षं दरमहा तेवढेच ५३,३९१ रुपये बाजूला काढले असं धरायचं. पहिला ४३,३९१ चा हप्ता भरतो आणि १०,००० ची एसआयपी चालवतो. दुसरा आधी सगळं कर्जात ओततो, आणि कर्ज संपलं की त्याच दिवसापासून पूर्ण ५३,३९१ ची एसआयपी सुरू करतो. विसाव्या वर्षाच्या शेवटी दोघांच्याही डोक्यावर कर्ज नाही. मग कोणाच्या फंडात किती, ते बघायचं.

फंडानं वर्षाला १२ टक्के दिले तर पहिल्याकडे साधारण ९९ लाख आणि दुसऱ्याकडे ७२ लाख. फरक आहे, पण ९९ विरुद्ध २२ नव्हे. शिवाय हे करापूर्वीचे आकडे. शेअर्सच्या फंडातून एका वर्षावर ठेवलेले पैसे काढले की वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो. पहिल्याचा नफा मोठा, म्हणून करही मोठा. सगळे पैसे एकदम काढले असं धरलं तर त्याच्या हातात ८९ लाखांच्या आसपास येतात आणि दुसऱ्याच्या हातात ६९ लाखांच्या आसपास. वीस वर्षं बाजाराचे हेलकावे सोसल्याचं बक्षीस झालं २० लाख रुपये, तेही २० वर्षांनंतरचे.

आता १२ टक्के कोणी लिहून दिलेले नाहीत. १० टक्केच मिळाले तर कर जाऊन हा फरक साडेपाच लाखांवर येतो. बरोबर ८.५ टक्के मिळाले तर करापूर्वी दोघांकडेही ६२.७ लाख, अगदी काट्याला काटा. आणि ७ टक्केच मिळाले तर कर न धरताही कर्ज फेडणारा ७ लाखांनी पुढे. तुमच्या व्याजदराशी बरोबरी साधायला बाजारानं कर धरून वर्षाला नऊ टक्क्यांच्या जरासं वर तरी द्यायला हवं, असा याचा अर्थ.

हा हिशेब तुमच्या आकड्यांवर करायचा असेल तर गुगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये तीन ओळी पुरतात. पहिली ओळ कर्ज किती महिन्यांत संपेल ते सांगते, दुसरी पहिल्या माणसाचा फंड, आणि तिसरी दुसऱ्याचा.

```
=NPER(8.5%/12, -53391, 5000000)
=FV(12%/12, 240, -10000)
=FV(12%/12, 240-154.24, -53391)
```

तिसऱ्या ओळीतला 154.24 हा पहिल्या ओळीचं उत्तर आहे. तुमचा दर आणि हप्ता घालताना तो बदलायला विसरू नका.

बाजार सरळ रेषेत चढत नाही

वरच्या हिशेबात १२ टक्के म्हणजे दर महिन्याला न चुकता एक टक्का, असं आपण धरलं. प्रत्यक्षात तसं होत नाही. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला टेकला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो ८,००० च्या खाली गेला. पुन्हा २१,००० च्या आसपास तो २०१० च्या शेवटी पोचला खरा, पण २०१३ संपतानाही तो तिथेच होता. सहा वर्षांत लाभांश सोडला तर निर्देशांक जागच्या जागी. याच काळात जो शांतपणे दरमहा एसआयपी भरत राहिला त्याला पडलेल्या भावात युनिटं मिळाली आणि त्याचं बरं झालं. पण भरत राहिला तर.

मी भावाला विचारलं, "मार्च २०२० मध्ये तुझी एसआयपी होती ना? तिचं काय केलंस?"

तो हसला. "बंद केली. होतं तेही काढून घेतलं. सगळं जग बंद होतं गं."

त्या वर्षी जानेवारीत ४२,००० च्या घरात असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्या खाली आला होता. भावानं साधारण तळाशी विकलं आणि २०२१ मध्ये चढ्या भावात पुन्हा सुरुवात केली. याबद्दल त्याला बोलण्यात अर्थ नाही, तेव्हा भल्याभल्यांचे हात थरथरले. पण निर्णय घेताना मी त्याच्या ग्रुपवरच्या १२ टक्क्यांपेक्षा या उत्तराला जास्त वजन देते. निर्देशांकानं काय दिलं हा एक आकडा असतो. आपल्या हाती त्यातलं किती लागलं हा वेगळाच, आणि मधे घाबरून विकणाऱ्याच्या बाबतीत तो बराच लहान असतो. कर्जात भरलेला पैसा मात्र घाबरून परत काढता येत नाही. तोच त्याचा दोष, आणि काही लोकांच्या बाबतीत तोच गुण.

दुसऱ्या बाजूचा कच्चेपणाही सांगायला हवा. कर्ज फेडणाऱ्याच्या गणितात एक मोठं गृहीतक लपलंय. तेराव्या वर्षी हप्ता संपल्यावर तो खरोखर त्याच दिवसापासून ५३,३९१ ची एसआयपी सुरू करेल का? माझ्या बघण्यात कर्ज संपल्यावर आधी पेढे येतात, मग मोठी गाडी. गाडीचा हप्ता घराच्या हप्त्याच्या जागी जाऊन बसला की प्रीपेमेंटवाल्याची बाजू पार कोसळते. वाचलेले २२ लाख कुठे गेले ते त्यालाही सांगता येत नाही.

आणि हो, ८.५ टक्के हाही दगडावर कोरलेला आकडा नाही. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं फ्लोटिंग दराची असतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या निकषाला, बहुधा रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने देते त्या रेपो दराला, बांधलेली आहेत. रेपो उतरला की तुमचं व्याज उतरतं, आणि त्याबरोबर प्रीपेमेंटचा परतावाही. व्याज सात-साडेसातवर आलं तर बाजाराकडून लागणारी किमान अपेक्षाही खाली येते आणि एसआयपीची बाजू वजनदार होते. हा निर्णय एकदा घेऊन २० वर्षं विसरून जायचा नाही, तो याचसाठी.

जिथे विचार करायची गरजच नाही

शेअर बाजाराशी तुलना करताना डोकं खाजवावं लागतं. बाकी ठिकाणी नाही. भावाच्या नावावर ६ लाखांची एफडी होती, ७ टक्क्यांची. तो करात २० टक्क्यांच्या टप्प्यात येतो, म्हणजे उपकर धरून त्या एफडीचे त्याला हातात साडेपाच टक्के पडतात. एकीकडे बँकेला ८.५ टक्के द्यायचे, दुसरीकडे बँकेकडून ५.५ टक्के घ्यायचे. कष्टाच्या पैशावर वर्षाला तीन टक्क्यांचं नुकसान, आणि वर "एफडी मोडू नये" अशी आईची ताकीद. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. करमुक्त असला तरी तोही ८.५ च्या खालीच. भविष्य निर्वाह निधीत स्वेच्छेनं जास्तीची रक्कम भरता येते, त्याला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के मिळाले. तिथे मात्र जवळजवळ बरोबरी होते, निदान तुमचं स्वतःचं योगदान वर्षाला अडीच लाखांच्या आत असेपर्यंत, कारण त्यावरच्या योगदानाच्या व्याजावर कर लागतो.

मग एफडी मोडून सगळे ६ लाख कर्जात टाकायचे का? नाही. प्रीपेमेंटबद्दल बोलताना सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट इथे येते. तुम्ही आज कर्जात ६ लाख भरलेत आणि पुढच्या महिन्यात नोकरी गेली, तर बँक म्हणत नाही की यांनी आगाऊ भरलंय, सहा महिने थांबू. पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला ४३,३९१ रुपये लागतातच. भरलेला पैसा परत हवा तर टॉप-अप कर्ज मागावं लागतं, आणि नोकरी नसलेल्या माणसाला ते कोण देणार? उतरलेलं मुद्दल आणि रिकामं खातं, अशी अवस्था होते.

भावाचा घरखर्च महिन्याला ४०,००० च्या आसपास. हप्ता धरून ८३,०००. सहा महिन्यांचे झाले ५ लाख. ते एफडीतच राहू देत, साडेपाच टक्के मिळोत नाहीतर पाच. तो पैसा कमावण्यासाठी नाहीच. उरलेला १ लाख कर्जात टाकला तर? आत्ता, सुरुवातीलाच भरलेल्या त्या एका लाखानं शेवटचे १२ हप्ते गळून पडतात. आईला मी एवढंच सांगितलं की एफडीतला एक लाख दिला आणि एक वर्ष विकत घेतलं. तिला ते पटलं.

काही बँकांकडे ओव्हरड्राफ्ट खात्याला जोडलेलं गृहकर्ज मिळतं. जास्तीचा पैसा त्या खात्यात ठेवला की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि गरज पडली तर काढताही येतो. दर बहुधा साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असतो. मोठी शिल्लक कायम ठेवणाऱ्याला, विशेषतः व्यावसायिकाला, ते परवडतं. दहा-वीस हजार ठेवणाऱ्यानं त्यासाठी जास्त दर मोजू नये.

कराची सवलत: अर्धी ऐकलेली गोष्ट

"गृहकर्ज ठेवावं, टॅक्स वाचतो," हे वाक्य प्रत्येक ऑफिसात कोणीतरी म्हणतंच. आता बरेच पगारदार नव्या करपद्धतीत आहेत आणि तिथे स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर सवलत नाही. त्यांच्यासाठी ८.५ म्हणजे पूर्ण ८.५. भाऊ यातच येतो, त्यामुळे त्याच्यापुरता विषय मिटला.

जुन्या पद्धतीत सवलत आहे, पण वर्षाला २ लाखांच्या व्याजापर्यंतच. आता नीट बघा. ५० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी सव्वाचार लाखांच्या आसपास व्याज जातं. त्यातल्या २ लाखांवरच सवलत मिळते, वरच्या सव्वादोन लाखांवर काहीच नाही. तुम्ही प्रीपेमेंट करता तेव्हा कमी होतं ते हे वरचं, सवलत नसलेलं व्याज. म्हणजे जुन्या पद्धतीतही तुमच्या जास्तीच्या रुपयाला पूर्ण ८.५ टक्केच मिळतात आणि कराची सवलत जशीच्या तशी राहते. बाकी मुद्दल साडेतेवीस लाखांच्या खाली आलं की मग चित्र पालटतं, कारण वर्षाचं व्याजच २ लाखांच्या आत येतं. त्यानंतर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला कर्ज प्रत्यक्षात सहा टक्क्यांच्याही आत पडतं. इतक्या स्वस्त कर्जाची घाई कशाला करायची? नवरा-बायको दोघंही घराचे मालक आणि दोघंही कर्जदार असतील तर दोघांना वेगवेगळे २ लाख मिळतात, आणि ही रेषा ४७ लाखांवर जाते.

माझं स्वतःचं कर्ज जुन्या पद्धतीतलं होतं. सुरुवातीला मी बोनस आला की तो कर्जात भरायचे. बाकी २० लाखांच्या खाली आली तेव्हा हा हिशेब केला आणि भरणं थांबवलं. शेजारच्या काकूंना वाटलं, आमचं काहीतरी बिनसलंय.

दर आणि मुदत आधी तपासा

दहा हजारांचं काय करायचं हे ठरवण्याआधी भावाला मी एक काम दिलं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आज लागू असलेला दर आणि उरलेले हप्ते बघ. त्याचं कर्ज नवीन होतं म्हणून तिथे आश्चर्याचं काही निघालं नाही. ज्यांचं कर्ज चार-पाच वर्षांचं आहे, त्यांनी मात्र हे आजच बघावं.

मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला होता. मे २०२२ पासून तो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्के झाला. समजा कोणी त्या स्वस्ताईत ५० लाख ६.७५ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी घेतले. हप्ता ३८,०१८. दोन वर्षांनी बाकी साधारण साडेसत्तेचाळीस लाख, उरलेले हप्ते २१६. मग दर ९.२५ वर गेला आणि हप्ता तोच ठेवला, तर एका महिन्याचं व्याजच ३६,५८८ होतं आणि मुद्दलाला उरतात जेमतेम चौदाशे रुपये. उरलेले हप्ते २१६ वरून ४२७ वर जातात, म्हणजे ३५ वर्षांच्याही वर. दर चढला की हप्त्याला हात न लावता मुदत लांबवणं ही बँकांची जुनी सवय, आणि खात्यातून जाणारी रक्कम तीच असल्यामुळे कर्जदाराला पत्ताच नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी कर्जदाराला द्या. पण त्यासाठी आलेलं पत्र वाचावं लागतं.

दराचंही तसंच. बँक नव्या ग्राहकाला ८ टक्क्यांनी देते आणि तुम्ही ८.५ भरत असता. अर्ज करून, थोडं रूपांतर शुल्क भरून दर कमी करून मिळतो, नाहीतर कर्ज दुसरीकडे हलवायची तयारी दाखवावी लागते. भावाच्या कर्जावर अर्धा टक्का कमी झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० हप्ते कमी होतात. एक रुपया जास्त न भरता.

शेवटी भावानं काय केलं? एक लाख कर्जात भरायचं ठरलंच होतं. १०,००० बद्दल मी त्याला सांगितलं की तुझं मार्च २०२० चं उत्तर ऐकल्यावर तुझ्यासाठी मी कर्ज निवडेन. त्याची बायको म्हणाली, माझी एसआयपी तेव्हाही चालूच होती. ती खरंच चालू होती, तिनं स्टेटमेंट दाखवलं. मग ७,००० कर्जात आणि ३,००० तिच्या एसआयपीत असं ठरलं. हप्ता संपेल त्या महिन्यापासून पूर्ण रक्कम तिच्याच फंडात जायची, हेही दोघांनी एका वहीत लिहून ठेवलं. वहीतलं कितपत टिकेल ते बघू.

लाखाचं पार्ट पेमेंट त्यानं माझ्यासमोरच ॲपवरून केलं. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर बँकांनी व्यक्तीकडून प्रीपेमेंटचा दंड घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच सांगितलंय, त्यामुळे शुल्काचा प्रश्न नव्हता. धोका वेगळाच असतो. कधी कधी असा पैसा मुद्दलात न जाता पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून बाजूला पडून राहतो, आणि व्याज पूर्वीच्याच मुद्दलावर लागत राहतं. ओळखायची खूण सोपी आहे. एक-दोन दिवसांनी बाकी मुद्दल बघायचं. ते बरोबर लाखानं उतरलेलं नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्यायचा आणि हप्त्यांचा नवा तक्ता मागून घ्यायचा.

रक्कम टाकल्यावर ॲपनं विचारलं, हप्ता कमी करायचा की मुदत? हप्ता कमी केला तर महिन्याला साधारण ८६८ रुपये वाचतात, जे घरखर्चात कुठे गेले ते कळत नाही आणि कर्ज पुरी २० वर्षं चालतं. मुदत कमी केली तर ते १२ हप्ते जातात. भाऊ सरळ 'पुढे' दाबणार होता. मी त्याचा हात धरला. खूण आधीपासूनच 'हप्ता कमी करा'वर केलेली होती.